वर्गाची पाहणी आणि मुलांचा स्तंभालेख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर, निपाणी, चिकोडी आणि बेळगाव तालुक्यांतल्या मराठी शाळांमधून तिसरी-चौथीचे शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांत एकच उदाहरण वापरलं आहे, म्हणजे धागा सुटणार नाही. समजा, तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात आणि आज २३ मुलं हजर आहेत. प्रश्न विचारला, “आज शाळेत कसे आलात?” चालत ११, बसने ५, सायकलने ४ आणि मोटारसायकलवर मागे बसून ३ मुलं आली.

१. मुलांचा स्तंभालेख म्हणजे नेमकं काय करायचं? रांगेत उभं केलं की झालं का?

रांगेत उभं करणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. वर्गाला एक प्रश्न विचारायचा, उत्तरांचे तीन-चार पर्याय ठरवायचे आणि प्रत्येक पर्यायाची जमिनीवर एक रांग करायची. मूल आपल्या उत्तराच्या रांगेत जाऊन एका चौकोनात उभं राहतं. लांबून पाहिलं की चार रांगांचा स्तंभालेख तयार दिसतो.

पण रांग आणि स्तंभ यांत फरक आहे. रांगेत कोण पुढे, कोण मागे याला महत्त्व असतं. स्तंभात फक्त किती जण आहेत एवढंच बघायचं असतं. मुलं सुरुवातीला हे रांगेसारखंच घेतात, “मी पहिला” म्हणून भांडतात. म्हणून उभं करण्यापेक्षा त्याच्या आधी काय आखलं आणि नंतर मुलं बाजूला झाल्यावर मागे काय उरलं, याकडे जास्त लक्ष द्या. प्रश्न ३ आणि ५ त्यासाठीच आहेत.

२. पाहणीसाठी कोणता प्रश्न घ्यावा? “आवडतं फळ” सगळेच घेतात.

घेतात, कारण तो लगेच सुचतो. पण आवडीच्या प्रश्नात अडचण अशी की उत्तर मुलाच्या मनात आधीपासून नसतं. ते तिथल्या तिथे तयार होतं, आणि शेजारच्याने आंबा म्हटलं की यालाही आंबाच आवडतो. तिसरीच्या मुलांसाठी घडून गेलेली, ज्याची त्याला नक्की ठाऊक असलेली गोष्ट विचारणं बरं.

“शाळेत कसे येता?” हा प्रश्नसुद्धा कच्चाच आहे. एखादी मुलगी सोमवारी बसने येते, बस चुकली तर काकांच्या मोटारसायकलवर येते आणि बाजाराच्या दिवशी चालत येते. ती कुठे उभी राहणार? त्याऐवजी “आज शाळेत कसे आलात?” असं विचारलं की प्रत्येकाला एकच उत्तर उरतं. “आज” या एका शब्दाने प्रश्न मोजता येण्यासारखा होतो.

तरी एखादा विचारेलच, “सर, फाट्यापर्यंत चालत आलो आणि मग वडापमध्ये बसलो, मग मी कुठे?” हा प्रश्न झटकू नका. “जास्त अंतर ज्याने आलात ते धरायचं” हा नियम वर्गाकडूनच काढून घ्या आणि फळ्यावर लिहून ठेवा. माहिती गोळा करायच्या आधी नियम ठरवावा लागतो, हे मुलांना तिथेच कळतं.

पर्याय मुलांकडूनच घ्या, पण चारच्या वर, फार तर पाचच्या वर जाऊ देऊ नका. सुटे उरतील ते “इतर” मध्ये घाला. “इतर” ची रांग सगळ्यात लांब झाली, तर पर्याय चुकले असं समजून ते नव्याने ठरवा.

३. अंगणात आधी काय आखायचं? नुसत्या चार रेघा चालतील का?

चालणार नाहीत. या उपक्रमात सगळ्यात जास्त वेळा फसतं ते इथेच.

नुसत्या रेघेवर उभी केलेली मुलं हवं तेवढं अंतर सोडतात. मोटारसायकलवाली तीनच मुलं हात पसरून ऐसपैस उभी राहतात, बसवाली पाच दाटीवाटीने एकमेकांना चिकटतात आणि दोन्ही रांगा सारख्याच लांब दिसतात. मग “कोण जास्त?” असं विचारलं तर मुलं लांबी बघून चुकीचं सांगतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो, कारण आलेखच खोटं बोलत असतो.

म्हणून आधी एक आडवी पायारेघ मारा. चुना, रांगोळीचं पीठ, खडू, विटेचा तुकडा, काहीही चालेल. त्या रेघेपासून वर, प्रत्येक पर्यायासाठी साधारण दीड फुटाच्या चौकोनांची एकेक उभी पट्टी आखा. दोन पट्ट्यांमध्ये एक पाऊल अंतर सोडा. सगळे चौकोन सारखे हवेत, आणि सगळ्या पट्ट्या एकाच पायारेघेवरून सुरू व्हायला हव्यात. एक पट्टी जरी अर्धा चौकोन वर सरकली तरी तुलना बिघडते.

चौकोन किती आखायचे, हा प्रश्न मुलांना विचारा. “सगळेच चालत आले असते तर?” असं म्हटलं की कोणीतरी २३ म्हणतंच. तेवढे आखायची गरज नाही. बारा-पंधरा आखा आणि कमी पडले तर त्याच मापाने वाढवा. माप सारखं राहण्यासाठी दीड फुटाची काठी किंवा दोरीचा तुकडा एका मुलाच्या हातात द्या.

४. मुलं मैत्रिणीच्या मागे जाऊन उभी राहतात, नाहीतर सगळ्यात लांब रांगेत घुसतात. काय करावं?

उत्तर आधी लिहून घ्या, मग उभं करा. प्रत्येकाने वर्गातच आपल्या पाटीवर एक शब्द किंवा छोटं चित्र काढायचं, चप्पल, बस, सायकल किंवा मोटारसायकल. पाटी छातीशी धरूनच अंगणात यायचं. पाटीवर बस आहे आणि मूल “चालत” मध्ये उभं आहे, हे मग इतर मुलांनाच दिसतं आणि तुम्हाला ओरडावं लागत नाही.

लांब रांगेत घुसण्यामागे कारण असतं. मुलांना वाटतं, लांब रांग जिंकली. आपणही नकळत तसंच बोलतो, “अरे वा, चालत येणारे पहिले!” हे टाळा. “या रांगेत सगळ्यात जास्त मुलं आहेत” एवढंच म्हणा. एक ओळखू येणारी खूण सांगतो. पहिली दहा-बारा मुलं उभी राहिल्यावर एकच रांग अचानक वाढू लागली, तर उत्तरं पाटीवरून नव्हे, रांग बघून येत आहेत. तेव्हा थांबवा आणि पाट्या वर धरायला सांगा.

५. रांगेत उभ्या असलेल्या मुलांना आलेख दिसतच नाही. मग ती शिकणार कशी?

बरोबर ओळखलंत. चौकोनात उभ्या मुलाला पुढच्याची पाठ दिसते, आलेख दिसतो तो फक्त तुम्हाला. म्हणून मुलं चौकोनात असताना फार प्रश्न विचारू नका. सगळी उभी राहिली की म्हणा, “आता आपली पाटी आपल्या चौकोनात ठेवा आणि पायारेघेच्या या बाजूला या.”

मुलं बाहेर आली की जमिनीवर २३ पाट्या उरतात. चालतच्या पट्टीत ११, बसच्या पट्टीत ५, सायकलच्या ४, मोटारसायकलच्या ३. मूल गेलं पण त्याच्या जागी त्याची पाटी आहे, म्हणजेच एका मुलाऐवजी एक खूण. पुढे वहीत पाटीच्या जागी रंगवलेला चौकोन येईल. मूल, पाटी, चौकोन हा क्रम सोडला आणि अंगणातून थेट वहीवर उडी मारली, तर बरीच मुलं स्तंभ रंगवतात खरी, पण त्यातला एक चौकोन म्हणजे कोण, हे विचारल्यावर गप्प बसतात.

पाट्या नसतील तर वही, कागदाचा तुकडा, अगदी एका पायातली चप्पलही चालते. चप्पलांनी मजा फार येते, पण मापं वेगवेगळी असल्यामुळे चौथीतल्या मुलाची चप्पल चौकोन भरून टाकते आणि मुलं चप्पलेच्या आकाराकडे बघू लागतात. शिवाय नंतर ज्याची त्याची चप्पल शोधताना तास संपतो. शक्यतो पाटीच घ्या.

मुलांना पायारेघेच्या बाजूलाच उभं करा, म्हणजे रेघ त्यांच्या पायाशी आणि स्तंभ समोर वर जाताना दिसतील. वहीतही तसंच दिसणार असतं. बाजूने किंवा उलट बाजूने बघितलेली मुलं वहीत पायारेघ डोक्यावर काढतात.

६. पाट्या मांडून झाल्यावर विचारायचं काय? “सगळ्यात जास्त कोण” याच्या पुढे जाता येत नाही.

“किती जास्त?” इथे थांबा आणि भरपूर वेळ द्या. “सायकलने येणाऱ्यांपेक्षा चालत येणारे किती जास्त?” असं विचारलं की निम्मा वर्ग “अकरा” म्हणतो. मुलांनी “किती जास्त” मधलं “जास्त” ऐकलेलं असतं आणि जास्त असलेल्यांची संख्या सांगितलेली असते. वजाबाकी करा म्हणून ते सुटत नाही.

जोड्या लावा. सायकलच्या पट्टीतल्या पायारेघेजवळच्या पहिल्या पाटीपासून चालतच्या पट्टीतल्या पहिल्या पाटीपर्यंत एक दोरी आडवी धरा. ही एक जोडी झाली. दुसरी, तिसरी, चौथी जोडी अशीच. आता सायकलच्या पाट्या संपल्या. चालतच्या पट्टीत जोडीदार न मिळालेल्या किती उरल्या? मुलं मोजतात, सात. हे सात म्हणजेच “जास्त”. यानंतर ११ − ४ = ७ फळ्यावर लिहिलं की ती वजाबाकी कुठून आली हे त्यांना दिसलेलं असतं.

मग थोडे अवघड प्रश्न घ्या. “चाकावर बसून आलेले एकूण किती?” यात तीन पट्ट्या मिळवाव्या लागतात, ५ + ४ + ३ = १२. “चालत आलेले जास्त की चाकावरून?” इथे सगळ्यात लांब पट्टी असूनही चालत येणारे ११ आणि बाकीचे १२ असं निघतं, आणि मुलांना तो धक्का बसतो. आकडे असे निघाले नाहीत तर ओढूनताणून काढू नका.

शेवटी एक असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर पाट्यांवर नाही. “सगळ्यात लांबून कोण येतं?” बसने येणारी, असं मुलं ठोकून देतात. पण पट्टीत अंतर लिहिलेलं नाही. ते कळायला दुसरी पाहणी लागेल. आलेखाला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे तिसरीतल्या मुलालाही पेलतं.

७. ताळ्याच्या खुणा आधी शिकवायच्या की नंतर?

नंतर, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी. मुलांनी एकदा पाट्यांचा ढीग हातांनी वेगळा केला की खुणांची गरज त्यांना पटते. एक मुलगा पाटीवरचं उत्तर वाचतो, दुसरा फळ्यावर त्या पर्यायापुढे एक उभी रेघ मारतो. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी त्यांच्यावरून तिरकी.

चूक ठरलेली असते. मुलं पाच उभ्या रेघा मारतात आणि सहावी तिरकी, मग तो जुडगा पाच म्हणून मोजतात. चालतच्या पुढे ११ मुलं असतील तर सहाचा एक जुडगा आणि पाच सुट्या रेघा होतात, आणि मूल वाचतं दहा. पान बघितल्यावर ही चूक चटकन दिसत नाही. ती बेरजेत दिसते. त्याबद्दल प्रश्न ८ बघा.

सोपा उपाय असा की तिरकी रेघ मारताना मुलाने मोठ्याने “पाच” म्हणायचं. तोंडाने चार झाल्याशिवाय हात तिरका होत नाही.

८. सगळ्या रांगांची बेरीज हजेरीशी जुळत नाही. एक कमी येतो. कुठे गेला?

बहुतेक वेळा फळ्यापाशी उभा असतो. खुणा मारणारं मूल स्वतःला मोजायला विसरतं. अंगणातही तसंच होतं, माप घेणारी काठी ज्याच्या हातात असते तो शेवटपर्यंत कोणत्याच चौकोनात जात नाही.

म्हणून सुरुवातीलाच फळ्याच्या कोपऱ्यात आज हजर असलेल्या मुलांचा आकडा लिहा, पटावरचा नव्हे. आपल्या उदाहरणात तो २३. चारही पर्यायांची बेरीज २३ आलीच पाहिजे. २२ आली तर कोणीतरी राहिलं किंवा खुणांचा जुडगा चुकला. २४ आली तर कोणीतरी दोन ठिकाणी आहे, किंवा बाईंची पाटीही मोजली गेली. चूक तुम्ही शोधून देऊ नका. “एक जण हरवलाय, शोधा” म्हटलं की मुलं पाट्यांवरची नावं वाचत सुटतात. म्हणून पाटीच्या मागे नाव लिहून घेतलेलं बरं.

९. अंगणात छान जमतं, पण वहीत स्तंभालेख काढताना गोंधळ होतो. नेमकं काय चुकतं?

चौकटीची वही घेतली तर अर्धा गोंधळ कमी होतो. एक चौकट म्हणजे एक पाटी, म्हणजे एक मूल. पहिल्या वेळी मुलांना प्रत्येक चौकटीत एका मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर लिहू द्या आणि मगच रंगवायला सांगा.

खरी अडचण डाव्या बाजूच्या आकड्यांची आहे. अंगणात आपण चौकोन मोजतो, त्यामुळे मूल पहिल्या चौकटीच्या समोर, मधोमध १ लिहितं. चौकटी वेगळ्या दिसतात तोपर्यंत ते चालतं. पण पुढे स्तंभ एकसंध रंगवला आणि आतल्या रेघा पुसल्या की उंची वरच्या कडेवरून वाचावी लागते. मग आकडा रेघेवर हवा. पायारेघेवर ०, पहिल्या चौकटीच्या वरच्या कडेवर १. काही मुलं पायारेघेवरच १ लिहितात आणि त्यांचा प्रत्येक स्तंभ एकाने जास्त वाचला जातो. बसचे पाच सहा होतात. असं सगळ्याच स्तंभांत एकाने वाढलेलं दिसलं, तर मुलाला मोजता येत नाही असं समजू नका, त्याचं शून्य कुठे आहे ते बघा.

हे अंगणातच दाखवता येतं. पायारेघेवर उभं राहून म्हणा, “इथे अजून कोणीच नाही, शून्य.” एक चौकोन ओलांडून पुढच्या रेघेवर पाय ठेवा, “एक पाटी झाली, एक.” चालतच्या पट्टीच्या टोकापर्यंत असं चाललं की रेघेवरचा आकडा म्हणजे मागे पडलेल्या पाट्या, हे पायांना कळतं.

स्तंभांखाली पर्यायांची नावं आणि वर शीर्षक हवंच. शीर्षकात तारीखही घाला, कारण प्रश्न “आज” चा होता.

१०. आमच्या शाळेत तिसरी-चौथी मिळून नऊच मुलं आहेत. यातून कसला आलेख होणार?

होतो, फक्त पर्याय दोनच ठेवा. नाहीतर प्रत्येक पट्टीत दोन-दोन पाट्या येतात आणि बोलायला काही उरत नाही. दुसरा मार्ग म्हणजे पहिली ते पाचवीची सगळी मुलं अंगणात घ्यायची, आणि तिसरी-चौथीच्या मुलांनी आखायचं, उभं करायचं, मोजायचं.

उलट बाजूला शहरातल्या शाळेत साठ मुलं असली, तर मुलांचा स्तंभालेख थकतो. अंगण पुरत नाही आणि गोंगाटात कोणाला काही ऐकू येत नाही. तिथे पाट्यांपासून सुरुवात करून चौथीला प्रमाण शिकवता येईल, एक पाटी म्हणजे दोन मुलं. आपल्या ११ चं काय होतं बघा, पाच पाट्या आणि एक अर्धी. मुलंच विचारतात, “अर्धा मुलगा कसा?” अर्धी पाटी म्हणजे अर्धा मुलगा नव्हे, एक मुलगा, हे तेव्हा सांगायचं. तिसरीला मात्र एकास एक सोडू नका.

११. पावसाळ्यात खानापूर भागात अंगणात उभंही राहता येत नाही.

व्हरांड्यात शहाबादी फरशी असेल तर आखायचं कामच वाचतं, एक फरशी एक मूल. फक्त सगळ्या फरश्या सारख्या मापाच्या आहेत ना ते बघून घ्या. कडेला कापून बसवलेले तुकडे असतात, ते सोडून द्या.

१२. एखाद्या पर्यायात कोणीच आलं नाही तर ती पट्टी पुसून टाकायची का?

नको. समजा, पाचवा पर्याय “रिक्षा” होता आणि आज रिक्षाने कोणीच आलं नाही. ती पट्टी रिकामीच राहू द्या आणि खाली नावही ठेवा. वहीत त्या जागी शून्य. रिकामी पट्टी बघूनच मुलं विचारतात, पुसलेली बघून कोणी विचारत नाही.

१३. “घरी कोणती भाषा बोलता?” हा प्रश्न आमच्या भागात अगदी जवळचा आहे. तो घ्यावा का? मुलं दोन-दोन रांगांत पळतात.

पळणारच, कारण उत्तरंच दोन आहेत. आईशी मराठी, बाबांच्या आत्याशी कन्नड, शेजारी उर्दू, आणि खानापूरच्या दक्षिणेकडे कोकणीही. मुलाला दोन ठिकाणी उभं राहता येत नाही. आपल्या उपक्रमाची ही खरी मर्यादा आहे. मुलांचा स्तंभालेख तिथेच चालतो जिथे प्रत्येक मूल एकाच पर्यायात बसतं. जबरदस्तीने एक रांग निवडायला लावली तर माहिती चुकते, आणि या भागात त्या निवडीला घरी-दारी वेगळे अर्थही चिकटतात. तिसरीच्या मुलाला तिथे उभं करू नका.

तरी विषय हवा असेल तर दोन वाटा आहेत.

पहिली वाट प्रश्न बदलण्याची. “आज सकाळी उठल्यावर पहिलं वाक्य कोणत्या भाषेत बोललास?” पहिलं वाक्य एकच असतं, त्यामुळे प्रत्येकाला एकच चौकोन मिळतो. आणि इथे मोजतोय ते मुलाची भाषा नव्हे, आजचं पहिलं वाक्य, हे शीर्षकात तसंच लिहा.

दुसरी वाट मुलांऐवजी खुणा मांडण्याची. प्रत्येकाला हवे तितके चिंचोके द्या. घरात ज्या ज्या भाषा कानावर पडतात, त्या प्रत्येक भाषेच्या पट्टीत एक चिंचोका ठेवायचा. समजा, मराठी २१, कन्नड ११, उर्दू ३, कोकणी २ असे चिंचोके पडले. बेरीज ३७. मुलं मात्र २३. चौथीतला चुणचुणीत मुलगा लगेच म्हणेल, “सर, चुकलं, २३ यायला हवे.” प्रश्न ८ मध्ये आपणच त्याला तसं शिकवलेलं असतं. इथे सांगायचं की आपण मुलं नाही, उत्तरं मोजली, आणि एका मुलाची एकाहून जास्त उत्तरं असू शकतात. म्हणून या आलेखातून “किती घरांत कन्नड ऐकू येते” हे सांगता येतं, पण “मराठी आणि कन्नड मिळून ३२ मुलं” असं म्हणता येत नाही. वर्गात ३२ मुलं नाहीतच.

माझ्या मते तिसरीला पहिली वाट, आणि दुसरी चौथीच्या दुसऱ्या सत्रात, मुलांचा साध्या आलेखावर हात बसल्यानंतरच.

१४. दुपारच्या जेवणात अंडं घेणारे किती, केळं घेणारे किती, ही माहिती तयारच असते. तिचा आलेख करावा का?

माहिती तयार आहे हे खरं, आणि पर्यायही स्वच्छ वेगळे आहेत. तरी मुलांना त्यावरून रांगांत उभं करू नका. अंडं खातो की नाही, यावरून आपल्याकडे लोक घर ओळखतात. कागदावरचा आकडा निनावी असतो, पण अंगणात उभं राहिलेलं मूल निनावी नसतं. जात, धर्म, वडिलांचं काम, घरात फोन आहे का, संडास आहे का, हे सगळे प्रश्न याच कारणासाठी बाद. एखाद्या पर्यायात एकटंच उभं राहावं लागलं तर मूल हिरमुसेल का, असं स्वतःला विचारा आणि उत्तर “हो” आलं तर दुसरा प्रश्न घ्या.

व्हीलचेअरवरचं किंवा फार वेळ उभं न राहू शकणारं मूल असेल तर त्याची पाटीच चौकोनात जाईल. प्रश्न ५ प्रमाणे शेवटी सगळ्यांच्याच पाट्या तिथे असतात, त्यामुळे वेगळं काही वाटत नाही.

१५. पर्यायच आकडे असले तर? “घरात भावंडं किती” हा प्रश्न घेतला आणि सगळे गोंधळले.

इथे दोन जातींचे आकडे एकत्र येतात. पायारेघेखाली ०, १, २, ३ ही भावंडांची संख्या, आणि डाव्या बाजूला वर चढणारी मुलांची संख्या. “दोन भावंडं असलेली सहा मुलं” ऐवजी मूल म्हणतं “सहा भावंडं”. काही मुलं तर दोन भावंडं आहेत म्हणून दोन चौकोनांत उभी राहतात.

हा प्रश्न तिसरीला टाळावा. चौथीला घ्यायचा तर खाली नुसता आकडा न लिहिता “२ भावंडं” असं पूर्ण लिहा, किंवा दोन बाहुल्या काढा. आणि “स्वतःला धरायचं की नाही” हा नियम आधी ठरवा, नाहीतर अर्ध्या वर्गाचं उत्तर एकाने जास्त येतं.

जाता जाता जन्ममहिन्याबद्दल. बारा पट्ट्या होतात आणि प्रत्येकीत एक-दोन पाट्या, म्हणून मुलांसाठी तो जमत नाही. पण चौथीच्या मुलांना घरून आजी-आजोबांच्या आधार कार्डावरचा जन्ममहिना लिहून आणायला सांगा. जूनची पट्टी बहुधा उंच निघेल. जुन्या काळी शाळेत नाव घालताना १ जून लिहून टाकत, हे मुलं घरी विचारूनच येतात. कागदावरची माहिती कोणी आणि कशी लिहिली यावर बोलायला यापेक्षा चांगलं निमित्त नाही.

१६. आमचा आलेख आणि दुसऱ्या गावातल्या शाळेचा आलेख शेजारी लावून तुलना करता येईल का?

मुलांना हे फार आवडतं, आणि आपल्या जिल्ह्यात त्याला अर्थही आहे. खानापूरकडे भाताचं पीक, अथणीकडे कोरडा भाग आणि ज्वारी. “काल रात्री पहिला घास कशाचा खाल्लात, भाकरी, चपाती की भात?” असा एकच प्रश्न दोन्ही शाळांत विचारला तर पट्ट्या वेगळ्या दिसण्याची शक्यता असते. “पहिला घास” का, ते प्रश्न १३ मध्ये आलं आहे.

तुलनेत एक खड्डा आहे. समजा, आपल्या २३ मुलांपैकी १२ जणांनी भात सांगितला आणि त्या शाळेतल्या ४० पैकी १५ जणांनी. मुलं म्हणतात, “तिकडे भात जास्त खातात, १५!” पण आपल्याकडे निम्म्याहून जास्त मुलांनी भात सांगितला आणि तिकडे निम्म्याहून कमी. शेकडेवारी या वयात येत नाही, तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नका. दोन गोष्टी मात्र विचारता येतात. प्रत्येक शाळेत सगळ्यात उंच पट्टी कशाची? आणि भाताची पट्टी त्या वर्गाच्या निम्म्याच्या वर आहे की खाली? निम्मे म्हणजे किती, हे मुलं आपापल्या वर्गाच्या आकड्यावरून काढतात.

दुसऱ्या शाळेकडून अंगणाचा फोटो मागवू नका, आकडे मागवा. फोटोत चौकोन लहान-मोठे दिसतात आणि लांबची पट्टी आखूड वाटते. सोबत हजर मुलांची संख्या आणि पाहणीची तारीखही मागवा. आकडे आले की मुलांनी आपला आणि त्यांचा असे दोन्ही आलेख चौकटीच्या वहीत, एकाच मापाने, शेजारी शेजारी काढायचे.